लाल दिव्याखालचं पेट्रोल

आम्ही जांभूळचे रहिवासी. आमच्या गावाचं नाव बाहेरच्यांना माहीत असलं तर ते पाण्यामुळे. बारवी धरणाचं पाणी इथल्या जलशुद्धीकरण केंद्रात येतं आणि इथून औद्योगिक वसाहतींकडे आणि शहरांकडे जातं. पाणी किती गेलं, किती गळलं, याचा हिशेब आमच्या भागात बऱ्याच जणांना तोंडपाठ असतो. पेट्रोलच्या गळतीचा हिशेब मात्र कोणी ठेवत नाही. माझी नोकरी मोटार मेकॅनिकचा व्यवसाय शिकवण्यात गेली. त्यामुळे आज मी या गळतीच्या एका लहानशा छिद्राबद्दल बोलणार आहे. लांब सिग्नलला उभं असताना इंजिन बंद करावं, की चालू ठेवावं?

जांभूळहून बाहेर पडून कल्याण-बदलापूर रस्त्याला लागलं आणि उल्हासनगरच्या दिशेने निघालं, की हा प्रश्न रोज समोर येतो. या वाटेवरच्या एका चौकातला लाल दिवा मी घड्याळ लावून पाहिला, तो ९० सेकंदांचा आहे. त्या दीड मिनिटात आजूबाजूला पाहावं, तर दहापैकी आठ गाड्यांची इंजिनं धडधडत असतात. एकदा शेअर रिक्षात पुढे बसलो होतो. चालकाला म्हटलं, "बंद करा की जरा." तो म्हणाला, "काका, पुन्हा स्टार्ट मारायला जास्त लागतं. त्यापेक्षा चालू राहिलेली बरी."

हे वाक्य आपण सगळ्यांनीच ऐकलेलं आहे. ते निव्वळ अडाणीपणाचं आहे असं मात्र मला वाटत नाही. एके काळी त्यात बरंच तथ्य होतं. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्या आठवून पाहा. गाडी बंद पडली की चोक ओढायचा, अ‍ॅक्सिलरेटर दोनतीनदा दाबायचा, मग सेल मारायचा. अ‍ॅक्सिलरेटरच्या प्रत्येक दाबाबरोबर कार्ब्युरेटरमधला छोटा पंप पेट्रोलची पिचकारी आत सोडायचा. पहिल्या झटक्यात इंजिन पेटलं नाही, की ते पेट्रोल तसंच वाया जायचं आणि वर प्लग ओले व्हायचे. अशा गाडीला 'मिनिटभर थांबणार असाल तरच बंद करा' हा सल्ला बरोबर होता. आज गाडी बदलली, पण सल्ला तसाच राहिला आहे. आता पेट्रोल किती सोडायचं ते संगणकावर चालणारा इंजेक्टर ठरवतो. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ ची मानकं लागू झाली, तेव्हापासून बहुतेक नव्या स्कूटर-मोटरसायकलींमध्येही इंजेक्शन आलं. तापलेल्या इंजिनाला पुन्हा सुरू होताना आता फारच थोडं जादा पेट्रोल लागतं.

पण थोडं म्हणजे किती? मोजल्याशिवाय बोलू नये, असं मी विद्यार्थ्यांना सांगत असे आणि हा प्रयोग त्यांच्याकडून करूनही घेत असे. प्रयोग साधा आहे. एक जुनी, ११० सीसीची, कार्ब्युरेटरची मोटरसायकल घ्यायची. तिची पेट्रोलची नळी टाकीपासून काढून मोजपात्राला जोडायची. प्रयोगशाळेत असतं तसं, काचेचं, मिलिलिटरच्या खुणा असलेलं. हे उघड्यावर, आग विझवण्याचं साधन हाताशी ठेवून आणि जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच करायचं. घरी कोणी करू नये. इंजिन आधी चांगलं तापवून घ्यायचं आणि मग जागच्या जागी, आमच्या भाषेत 'स्लो'वर, दहा मिनिटं चालू ठेवायचं. आमच्या गाडीने दहा मिनिटांत सुमारे २५ मिलिलिटर पेट्रोल घेतलं. म्हणजे तासाला दीडशे मिलिलिटर, आणि सेकंदाला एका मिलिलिटरचा साधारण चोविसावा भाग.

दुसऱ्या फेरीत इंजिन चालू राहण्याची एकूण वेळ दहा मिनिटंच ठेवायची, पण दर अर्ध्या मिनिटाने बंद करून, दहा सेकंद थांबून, किक मारून पुन्हा सुरू करायचं. अशा वीस किका झाल्या. या फेरीत २८ मिलिलिटर पेट्रोल गेलं. तीनदा करून सरासरी काढली तरी उत्तर फारसं हललं नाही. वीस वेळा सुरू करायला ३ मिलिलिटर जादा, म्हणजे एका वेळेला मिलिलिटरचा सातवा भाग. तेवढ्या पेट्रोलवर ती गाडी जागच्या जागी साडेतीन-चार सेकंद चालली असती. कार्ब्युरेटरची गाडीसुद्धा एकदा तापली आणि पहिल्या किकेला सुरू झाली, तर तिचा बरोबरीचा क्षण चार सेकंदांचा निघतो. मुलांचे चेहरे पाहण्यासारखे व्हायचे. प्रत्येकाच्या घरी कोणी ना कोणी मिनिटभराचा नियम सांगितलेला असायचा.

'बरोबरीचा क्षण' हा शब्द आज पुन्हा पुन्हा येणार आहे, म्हणून त्याचा अर्थ सांगून ठेवतो. इंजिन बंद करून पुन्हा सुरू करण्याचा खर्च, ते चालू ठेवण्याच्या जितक्या सेकंदांच्या खर्चाइतका असतो, तो बरोबरीचा क्षण. थांबणं त्याहून जास्त असेल तर बंद करण्यात फायदा, कमी असेल तर तोटा.

किकेच्या गाडीत एक खर्च दिसत नाही, कारण तो आपल्या पायातून जातो. चारचाकीत तो बॅटरीतून जातो. तो पाहू. लहान पेट्रोल गाडीचा स्टार्टर सुरू होताना सुमारे दीडशे अँपिअर करंट खेचतो. त्या वेळी बॅटरीचा दाब उतरून दहा व्होल्टच्या आसपास येतो. तापलेलं इंजिन सेकंदाच्या आत पेटतं. आपण पुरता एक सेकंद धरू. हे झाले दीड हजार ज्यूल. ते बॅटरीत पुन्हा भरायचं काम अल्टरनेटर करतो, आणि अल्टरनेटरला इंजिन फिरवतं. इंजिनात, पट्ट्यात, अल्टरनेटरमध्ये आणि शेवटी खुद्द बॅटरीत घट होत होत, पेट्रोलमधल्या शक्तीचा जेमतेम आठवा भाग बॅटरीत पोचतो. म्हणजे दीड हजार ज्यूल परत भरायला बारा हजार ज्यूलचं पेट्रोल जाळावं लागतं. एका मिलिलिटर पेट्रोलमध्ये सुमारे बत्तीस हजार ज्यूल असतात. तेव्हा हा खर्च झाला मिलिलिटरच्या चार दशांशाइतका.

आता लहान गाडीचं जागच्या जागी चालणं पाहा. माझी गाडी १२०० सीसीची आहे. डॅशबोर्डखालच्या सॉकेटला जोडायचं एक छोटं यंत्र मिळतं, ते इंजिनाच्या संगणकातले आकडे दाखवतं. त्यावर एसी बंद असताना तासाला सुमारे सहाशे मिलिलिटर दिसतात, आणि एसी लावला की नऊशेच्या पुढे. सहाशे धरले तर सेकंदाला मिलिलिटरचा सहावा भाग. म्हणजे बॅटरी पुन्हा भरण्याचा खर्च अडीच सेकंदांचा. त्यात इंजिन पेटताना इंजेक्टरने सोडलेलं जादा पेट्रोल आणि सुरू होताच क्षणभर वाढणारे फेरे मिळवा. सगळं मिळून पाच ते आठ सेकंद होतात. अमेरिकेतल्या आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेनेही हे काम केलेलं आहे. त्यांचं सांगणं असं, की दहा सेकंदांहून अधिक थांबायचं असेल तर चालू ठेवण्यात बंद करून सुरू करण्यापेक्षा जास्त इंधन जातं. आपल्याकडे हीरो कंपनीने २०१४ मध्ये स्प्लेंडर आयस्मार्ट ही मोटरसायकल आणली. ती न्यूट्रलमध्ये पाच सेकंद उभी राहिली की आपोआप बंद होते आणि क्लच दाबला की सुरू होते. कारखान्यातल्या इंजिनिअरांनी पाच सेकंदांची मुदत ठेवली, ती याच हिशेबातली.

तर पेट्रोलपुरता प्रश्न इथेच मिटतो. नव्वद सेकंदांच्या सिग्नलला इंजिन बंद करावं, यात वादाला जागा नाही.

पण त्या रिक्षावाल्याने मला आणखी एक गोष्ट ऐकवली होती, आणि माझ्या मते खरी गोष्ट तीच आहे. तो म्हणाला, "काका, हिरवा झाला आणि माझी चालूच झाली नाही, तर मागचे शंभर जण हॉर्न मारणार. तेव्हा तुमचा हिशेब कोण ऐकतो?" त्याच्या बोलण्यात पेट्रोलचं भय कमी आणि बॅटरीचं भय जास्त होतं. दिवसभर भाड्याने चालणाऱ्या गाडीत नवी बॅटरी टाकणं म्हणजे एक-दोन दिवसांची कमाई जाणं. म्हणून आता दुसरा हिशेब करू. हा खिशाचा आहे.

लिटरला शंभर रुपये धरू, हिशेबाला सोपं पडतं. तासाला सहाशे मिलिलिटर म्हणजे साठ रुपये. म्हणजे लहान गाडी सिग्नलला उभी असताना मिनिटाला एक रुपया जाळते. हा आकडा लक्षात ठेवायला बरा आहे. आता समजा, स्टार्टर दुरुस्त करायला किंवा बदलायला पाच हजार रुपये लागतात आणि तो पंचवीस हजार वेळा सेल मारल्यावर दगा देतो. मग एका सेलची झीज पडली वीस पैसे. बॅटरीच्या झिजेचे आणखी पाच पैसे धरू. जास्त धरत नाही, कारण आपल्या हवेत बॅटरी बहुधा उन्हाने आणि वयाने मरते, सेल मारण्याने क्वचित. पंचवीस पैसे म्हणजे मिनिटाला रुपया या दराने पंधरा सेकंद. त्यात पेट्रोलचे आठ सेकंद मिळवले, की बरोबरीचा क्षण तेवीस सेकंदांवर जातो. तुमचा मेस्त्री महाग असेल तर तिशीपर्यंत. म्हणून मी लोकांना तीस सेकंद सांगतो. दहा सेकंद हा पेट्रोलचा नियम, तीस सेकंद हा खिशाचा. दोन ठिकाणी दोन वेगळे आकडे वाचून लोक गोंधळतात, पण दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात. एकात झीज धरलेली असते, दुसऱ्यात नसते.

ज्या गाड्यांमध्ये सिग्नलला आपोआप बंद-चालू होण्याची सोय कारखान्यातूनच येते, त्यांचा स्टार्टर आणि बॅटरी मुळातच दणकट बसवलेली असते. त्यांच्या मालकांनी झिजेची काळजी करायची नाही. मात्र बॅटरी बदलायची वेळ आली, की तिच्याच जातीची बॅटरी घालावी. स्वस्तातली साधी बॅटरी अशा गाडीत फार दिवस तग धरत नाही.

आता रोजच्या प्रवासाचं उदाहरण घेऊ. जांभूळचा एखादा माणूस रोज चारचाकीने कल्याणपर्यंत जातो-येतो. समजा, जाता-येता मिळून आठ वेळा लांब सिग्नल लागतो आणि प्रत्येक वेळी इंजिन पन्नास सेकंद बंद ठेवता येतं. एकूण चारशे सेकंद. सुरू करण्यात आठ गुणिले आठ, म्हणजे चौसष्ट सेकंदांचं पेट्रोल गेलं. उरलेल्या ३३६ सेकंदांत ५६ मिलिलिटर वाचलं. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर १४०० मिलिलिटर, म्हणजे १४० रुपये. त्यातून दोनशे वेळा सेल मारण्याची झीज, पंचवीस पैशांप्रमाणे पन्नास रुपये वजा. निव्वळ हाती राहिले नव्वद रुपये. याने कोणाचं घर चालणार नाही, आणि तसं कोणी सांगत असेल तर ते फुगवून सांगतात. मोटरसायकलवाल्याचे तर तीस-चाळीसच रुपये वाचतील. पण त्या चौकात एका वेळी साठ-सत्तर गाड्या उभ्या असतात, आणि त्यांच्या धुराच्या उंचीवरच तिथल्या फुलवालीचं आणि शाळकरी मुलांचं नाक असतं. दिल्लीत २०२० च्या ऑक्टोबरमध्ये 'रेड लाइट ऑन, गाडी ऑफ' ही मोहीम सुरू झाली, ती पेट्रोलसाठी नव्हती, हवेसाठी होती.

आता कठीण भाग. सिग्नल किती वेळ उरला आहे, हे कळायचं कसं? टाइमरचे आकडे लागलेले असतील तर प्रश्नच नाही. तीसच्या वर आकडा दिसला की बंद करायचं आणि पाच उरले की सुरू करायचं. पण पुष्कळ ठिकाणी टाइमर बसवलेलाच नसतो, किंवा बसवलेला बंद पडलेला असतो. तेव्हा रांगेकडे पाहावं. दिवा तुमच्या डोळ्यांदेखत लाल झाला असेल, तर पूर्ण मुदत तुमच्या वाट्याला आली आहे. खुशाल बंद करा. पोचलात तेव्हा पुढे लांब रांग आधीच लागलेली असेल, तर बराच वेळ उलटून गेला आहे. चालू ठेवलंत तरी चालेल. मात्र रांग लांब असेल तर दिवा हिरवा झाल्यावरही तुमची पाळी यायला वेळ लागतो. एका ओळीतली प्रत्येक गाडी सुटायला साधारण दोन सेकंद घेते. तुम्ही पंधरावे असाल, तर हिरव्यातलेही तीस सेकंद तुम्ही उभेच असता. हे लोक हिशेबात धरत नाहीत.

अंदाज चुकला तर काय होतं? बंद केलं आणि तीनच सेकंदांत हिरवा झाला, तर पेट्रोलचा तोटा पाच सेकंदांचा, म्हणजे एक मिलिलिटरसुद्धा नाही. उलट चालू ठेवलं आणि लाल दिवा आणखी ऐंशी सेकंद राहिला, तर तेरा मिलिलिटर गेलं. दोन्ही बाजूंनी चूक सारखीच होण्याजोगी असेल, तर कोणती चूक स्वस्त, हे उघड आहे.

कोणी बंद करू नये, तेही सांगतो. सकाळी घरातून निघून दोन-तीन मिनिटंच झाली असतील आणि इंजिन थंड असेल, तर राहू द्या. थंड इंजिन सुरू होताना जास्त पेट्रोल घेतं. बॅटरी म्हातारी झाली असेल तर आधी ती बदला. ओळखण्याची खूण सोपी आहे. रात्री हेडलाइट लावून सेल मारा. प्रकाश एकदम मंदावला आणि सेलचा आवाज ओढल्यासारखा, घरघरत आला, तर ती बॅटरी सिग्नलला भरवशाची नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात, रात्री, हेडलाइट, वायपर आणि पंखा एकदम चालू असेल, तर इंजिन बंद असताना हा सगळा भार बॅटरीवर येतो. दीड मिनिटात हे सारं मिळून सेल मारण्याच्या दसपट शक्ती खातं. मध्ये लांब धाव असेल तर बॅटरी ते भरून काढते. पण बाजारापुरतीच गाडी काढायची आणि पाच सिग्नलला पाचदा बंद करायची, असं रोज झालं, तर बॅटरी कधीच पुरती भरत नाही आणि एक दिवस सकाळी दारातच गाडी बसते. अशा वेळी निदान पंखा तरी बंद करावा.

आणि गाडी पूर्ण थांबल्यावरच बंद करायची, हे मुद्दाम सांगतो. उतारावरून सिग्नलकडे येताना, पेट्रोल वाचवायचं म्हणून आधीच चावी फिरवणारे लोक मी पाहिले आहेत. इंजिन बंद झालं की ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीन दाबांत संपते, आणि पॉवर स्टीअरिंग जड होतं. चावी पार मागे फिरवून काढली तर स्टीअरिंगला कुलूप बसतं. चढावर उभे असाल तर हँडब्रेक ओढा, मग चावी फिरवा, आणि न्यूट्रल आहे ना ते पाहून मगच सुरू करा.

त्या रिक्षावाल्याची आणि माझी नंतर दोनतीनदा गाठ पडली. त्याने बॅटरी बदलली होती. आता तो सिग्नलला बंद करतो, पण फक्त टाइमर असलेल्या चौकात. बाकीच्या चौकांत चालूच ठेवतो. मी त्याला रांगेचा हिशेब समजावून सांगितला. तो म्हणाला, "काका, रांगेत पंधरावा कोण राहतो? आम्ही बाजूनं पुढे घुसतो."